बाबांचा आतुर संन्यास

आमच्या घराण्यात माणूस मरायला टेकला की त्याला संन्यास देण्याची रीत होती. बाहेरच्यांना सांगितलं की ते तोंडाकडे बघत राहतात, पण आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. आजोबा भिक्षुकी करायचे. त्यांनीही शेवटच्या दिवशी सकाळी संन्यास घेतला आणि दिवेलागणीच्या आत गेले. याला आतुर संन्यास म्हणतात. धडधाकट माणसाला संन्यास घ्यायचा तर मोठं प्रकरण असतं. जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हातानं करायचं, होम करायचा, शेंडी आणि जानवं टाकायचं, गुरूकडून दंड, म्हणजे संन्याशाची काठी, घ्यायचा. मरणाऱ्याला एवढी सवड कुठली? म्हणून त्याच्यासाठी ही आखूड वाट. संकल्प करायचा, जानवं काढायचं, आणि मी सगळं सोडलं असं संस्कृतात तीनदा म्हणायचं. एकदा हळू, एकदा मध्यम आवाजात आणि एकदा मोठ्यानं. मग सगळ्या जिवांना सांगायचं की माझ्यापासून आता कुणाला भय नाही. झालं. उरलेले काही तास तो माणूस संन्यासी. त्यानं आपलं नातं आपल्या तोंडानं संपवलेलं असतं, म्हणून त्याच्या मागं घरच्यांना सुतक लागत नाही. दहावा-तेरावा नाही. देहाला अग्नी नाही, समाधी देतात. घरच्यांनी नुसती अंघोळ करायची.

घेणारा वाचला तर काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला कधी पडलाच नव्हता. माझे बाबा वाचले.

बाबा बारामतीत शाळेत संस्कृत शिकवायचे. रिटायर झाल्यावर शिकवायला दुसरं कुणी राहिलं नाही, मग मी सापडले. मी तेव्हा लोणी देवकरच्या एका कंपनीत क्वालिटीला नुकतीच लागले होते. पहाटे कंपनीच्या बसनं जायचं, दिवसभर गेज हातात घेऊन पार्ट मोजायचे, आणि परत आल्यावर बाबांसमोर जेवायला बसायचं. ताटात भाजी पडायच्या आत त्यांचा विषय सुरू व्हायचा. विषय बहुतेक एकच, धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. मी वैतागायचे. आई म्हणायची, "अहो, तिला आधी दोन घास खाऊ द्या." बाबा म्हणायचे, "खाऊ दे की. खाणं हा कामच आहे." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचे.

पण एक सांगते, ते पोपटपंची करणारे नव्हते. धर्म म्हणजे देवळात जाणं, अर्थ म्हणजे पैसा आणि काम म्हणजे नको त्या गोष्टी, असं कुणी म्हणालं की त्यांचं डोकं फिरायचं. ते म्हणायचे, अर्थ म्हणजे साधनं. तुझा पगार, तुझा हात चालतो ते कसब, तुझी तब्येत, चार माणसांत तुझा शब्द चालतो ती पत, हे सगळं अर्थात येतं. काम म्हणजे जिवाला जे जे हवंसं वाटतं ते. चांगली साडी, गरम जिलेबी, गाणं, नवरा, पोर. आणि धर्म म्हणजे या दोघांच्या शेताचा बांध. कमव, पण कुणाचं ओरबाडून नको. भोग, पण कुणाला फसवून नको. खरं बोलणं, चोरी न करणं, कुणाला न दुखवणं हे सगळ्यांचंच. त्यावर मुलीचं वेगळं, मास्तराचं वेगळं, इन्स्पेक्टरचं वेगळं, असं ज्याचं त्याचं कर्तव्य. तिघांची ओढाताण झाली तर धर्माचं ऐकायचं. पण उरलेल्या दोघांना उपाशी मारून केलेला धर्म फार दिवस टिकत नाही, तो आंबतो, असंही ते बजावायचे.

पहिल्या पगारातून मी स्वतःला काहीही न घेता सगळा आईच्या हातात दिला, तेव्हा मला वाटलं होतं की बाबा पाठ थोपटतील. ते चिडले. "स्वतःसाठी काय घेतलंस?" मी म्हटलं, काही नाही. म्हणाले, "मग हा धर्म नाही, हा तोरा आहे. दहा वर्षांनी आम्हाला ऐकवशील." दुसऱ्या दिवशी मला जबरदस्तीनं बाजारात नेलं आणि सॅंडल घ्यायला लावली. आईनं नंतर मला हळूच सांगितलं की शाळेत नोकरीला लागले तेव्हा त्यांनीही पहिल्या पगारात असंच केलं होतं.

मोक्षाबद्दल मात्र ते कमी बोलायचे. मी एकदा विचारलं की या तिघांच्या जोडीला चौथा कसा सांभाळायचा. ते म्हणाले, "तो सांभाळायचा नसतो बाळ. पहिले तीन मिळवायचे असतात, चौथा मिळवायचा नसतो. हातातली पकड सुटली की जे होतं ते. तुझ्या वयात त्याचं नाव घेतलंस तर मी ओरडेन." देवांचं, ऋषींचं आणि वाडवडिलांचं देणं फेडल्याशिवाय त्या वाटेला जायची परवानगी नाही, आणि मागं कुणी आपल्यावर अवलंबून असेल तर नाहीच नाही. ते स्वतः मात्र कधीकधी इंदापूर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका मठात दोन-चार दिवस राहून यायचे. आले की शांत शांत असायचे. आई चिडवायची, "राहायचं होतं की तिकडंच." ते म्हणायचे, "पोरीचं झालं की बघू."

पोरीचं म्हणजे माझं लग्न. माझं कंपनीतल्याच एका मुलाशी जमलं होतं. अंथुर्ण्याचा, शेतकरी घरातला, ऊसवाला. आमच्यात आणि त्यांच्यात जात वेगळी, बोली वेगळी, सगळंच वेगळं. मी घरात वर्षभर लपवलं. ओव्हरटाइम म्हणायचे आणि त्याच्याबरोबर भिगवणला मासे खायला जायचे. बाबांना कळलं तेव्हा त्यांना जातीचंही काही वाटलं नाही आणि माशांचंही नाही. ते म्हणाले, "हवंसं वाटण्यात पाप नाही. पण ते सांभाळायला रोज आईशी खोटं बोलतेस, त्यानं ते नासतंय. उद्या त्याला घरी बोलाव." तो आला, भेदरून सोफ्याच्या कडेला बसला, आणि बाबांनी त्याला उसाच्या लागणीबद्दल इतके प्रश्न विचारले की जाताना तो म्हणाला, तुझ्या बाबांना जमीन घ्यायची आहे का. दोन्ही घरांनी मिळून साखरपुडा केला. लग्नाची तारीख ठरली, कार्यालय ठरलं.

पत्रिका वाटायला सुरुवात झाली आणि बाबांना ताप आला. आधी साधा वाटला. मग छातीत कफ, मग श्वास, मग आयसीयू. फुप्फुसातलं इन्फेक्शन रक्तात गेलं म्हणाले डॉक्टर. तिथून त्यांना दोन दिवसांनी बाहेरच्या खोलीत आणलं, पण ते बरं वाटल्यामुळं नाही. डॉक्टर आईला म्हणाले, घरच्यांना भेटून घेऊ द्या, औषधं चालूच ठेवतो आपण. आम्ही समजायचं ते समजलो.

त्या दुपारी आई चहा घ्यायला खाली गेली होती. बाबांनी मास्क बाजूला केला आणि मला म्हणाले, "गुरुजींना बोलाव. मी संन्यास घेतो." गुरुजी म्हणजे आमचं सगळं धर्मकार्य बघणारे, बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. मी मान हलवली. आमच्याकडे हे व्हायचंच होतं. पण बाबांचं बोलणं संपलं नव्हतं.

ते म्हणाले, "मी गृहस्थ म्हणून गेलो तर तुला सुतक. मग वर्षभर लग्न नाही. आणि मी तुला ओळखतो. वर्ष झालं की तू म्हणशील आई एकटी आहे. मग म्हणशील आईचे डोळे, आईचे गुडघे. वर्षाची दहा वर्षं होतील आणि त्याला तू कर्तव्य म्हणशील. तुझा धर्म तुझं सगळं खाऊन टाकेल. मी संन्यासी म्हणून गेलो तर घराला सुतकच नाही. ठरल्या दिवशी उभी राहा."

मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही मोक्ष घेताय तो माझ्या लग्नाच्या हॉलसाठी? हे चालतं तुमच्या शास्त्रात?"

"नाही चालत," बाबा म्हणाले. "मनात कुणासाठी काही धरून घेतलेला संन्यास हा संन्यासच नव्हे. म्हणून गुरुजींना सांगू नकोस. त्यांना कळलं तर ते करणार नाहीत. आईलाही नको. तासाभराचा तर प्रश्न आहे."

मी रडले, भांडले, पण नाही म्हणाले नाही. त्या वेळी मला वाटलं, जाणारा माणूस काहीतरी देतोय, तर हात मागं कसा घ्यायचा.

संध्याकाळी गुरुजी आले. सोवळ्याचा प्रश्नच नव्हता, सिस्टर खोलीत ये-जा करत होत्या. गुरुजींनी आईला विचारलं, "वहिनी, तुमची संमती आहे?" ती असावीच लागते, बायकोच्या संमतीशिवाय संन्यास नाही. आईनं तोंडात पदर धरून मान हलवली. मग मला विचारलं. मी हो म्हणाले. मग गुरुजी बाबांना म्हणाले, "मुलगी उजवायची राहिली आहे. त्याचं काय?" बाबा म्हणाले, "वाङ्निश्चय झालाय. शब्द दिलाय. पुढचं तिचा काका बघेल." जानवं काढलं. बाबांनी ते वाक्य म्हटलं, हळू, मग जरा मोठ्यानं, आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हणताना त्यांना धाप लागली, तरी म्हटलं. मग सगळ्या जिवांना अभय दिलं. गुरुजी, म्हणजे त्यांच्याबरोबर विटीदांडू खेळलेला माणूस, त्यांच्यासमोर वाकला आणि म्हणाला, "ॐ नमो नारायणाय." बाबा म्हणाले, "नारायण."

आम्ही रात्रभर वाट बघत बसलो. मरणाचीच वाट बघत होतो, दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी लघवी साफ झाली. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, औषध लागू पडलं, काका चिवट आहेत. आईनं मला मिठी मारली. बाबांनी मोसंबीचा रस मागितला. आणि मग गुरुजी भेटायला आले, दारातच थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की आता काय झालंय.

संन्यास घेतलेला माणूस जगला तर तो संन्यासीच राहतो. घरी परत यायची वाट नाही. राहिलेले विधी मठात पूर्ण करायचे, गुरूकडून उपदेश घ्यायचा, दंड घ्यायचा, आणि मागं वळायचं नाही. त्याला घर नाही, बायको नाही, मुलगी नाही, त्याच्या नावावर काही नाही. कन्यादान तर सोडाच.

डिस्चार्जच्या दिवशी आईनं त्यांची पॅंट आणि चौकड्याचा शर्ट इस्त्री करून आणला होता. बाबांनी शर्टाकडे बघितलं आणि म्हणाले, "गुरुजींनी छाटी आणली असेल बघ." भगवी छाटी नेसलेले बाबा गाडीत पुढं बसले. मठाकडे जायला इंदापूर रस्त्याला लागताना आमच्या गल्लीचं वळण येतं. मी मागून त्यांच्या मानेकडे बघत होते. मान वळली नाही. भवानीनगरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, गाडी बराच वेळ अडकली, आणि आई बाहेर बघत एकसारखी म्हणत होती, "यांना ऊन लागतंय, काच वर करा." त्यांना अजून 'हे' म्हणायचं की नाही, हेसुद्धा आता तिला ठाऊक नव्हतं. ती सवाष्ण की कोण, यावर नातेवाइकांत आधीच चर्चा सुरू झाली होती. आई म्हणाली, "माणूस श्वास घेतोय तोवर मी कुंकू लावणार. ज्याला पटत नाही त्यानं माझ्याकडे बघू नये."

अंथुर्ण्याला माझ्या होणाऱ्या सासूबाईंना हे सगळं समजावायला मला अर्धा दिवस लागला. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मानूस जिता हाय नव्हं?" मी म्हटलं, हो. "मंग येऊ द्या की घरी. एवढं कशापाई?" त्यांच्या त्या बोलण्यानं माझ्या डोक्यात किडा सोडला. कारण वाट होती, आणि ती फक्त मला माहीत होती. बाबांनीच सांगितलं होतं की मनात कुणासाठी काही धरून घेतलेला संन्यास हा संन्यासच नव्हे. मग जो झालाच नाही तो मोडायचा प्रश्न येतो कुठं? मी मठात जाऊन खरं काय ते सांगितलं की बाबा घरी.

मी कित्येक दिवस हे उलटसुलट केलं. बसमध्ये, लाइनवर, जेवताना. खरं बोलणं हा धर्म, तसाच दिलेला शब्द पाळणं हाही धर्मच. आईला नवरा मिळेल. मला बाप मिळेल, माझ्या लग्नात अक्षता टाकायला. ती हौस माझी होती, मोठी होती, आणि मला तिची लाज नव्हती. पण बाबांना खरोखरच तिकडं जायचं होतं का? वर्षानुवर्षं पोरीचं झालं की बघू म्हणत थांबलेला माणूस तो. मोक्ष दुसऱ्याला देता येत नाही, पण दुसऱ्याचा अडवता येतो, एवढं मला त्यांच्याच शिकवण्यातून कळलेलं होतं. एका दिवशी तर बरोबर मापाचे पार्ट मी रिजेक्टच्या क्रेटमध्ये टाकत बसले. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, घरी जा आता.

तेवढ्यात मठातून निरोप आला. तिथले मुख्य स्वामी वयस्कर, कमी बोलणारे. दंड देण्याआधी त्यांना घरच्या माणसांना एकदा समोर बसवून विचारायचं होतं. आई, मी आणि गुरुजी गेलो. बाबा एका बाजूला मांडी घालून बसले होते. बारीक झाले होते, चेहरा मात्र उजळलेला. स्वामी म्हणाले, "आतुर संन्यासात घाई असते. घाईत माणूस भीतीनं घेतो, नाहीतर मायेनं घेतो. ते संन्यासाचं मूळ नाही. तसं असेल तर आत्ताच सांगा. यांना प्रायश्चित्त घेऊन घरी जाता येईल. दंड घेतल्यावर मात्र मला काही करता येणार नाही."

आईनं माझ्याकडे बघितलंही नाही, तिला काय माहीत. गुरुजी म्हणाले, "मला तसं काही दिसलं नाही." बाबा काही बोलले नाहीत. खोटं त्यांना बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं होतं, असं मला वाटलं.

मी म्हणाले, "माझ्यासाठी घेतला त्यांनी. मला सुतक लागू नये म्हणून. मला सांगितलं होतं."

आई एकदम ताठ बसली. मग तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिनं बाबांची पिशवी शोधायला इकडंतिकडं बघितलं. आत्ता निघायचं, एवढंच तिला समजलं होतं. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

स्वामींनी बाबांना विचारलं, "खरं आहे?"

बाबा म्हणाले, "तेव्हा खरं होतं. आता नाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. स्वामींनी त्यांना बोलायला सांगितलं, तेव्हा ते आमच्याकडे न बघता, शांतपणे, वर्गात शिकवल्यासारखं बोलले. "शब्द म्हणालो ते हिच्यासाठीच म्हणालो. त्या रात्री शुद्ध यायची आणि जायची. यायची तेव्हा मी आठवायचा प्रयत्न करायचो की मला कशाची काळजी होती. मुलीची होती, हिच्या आईची होती. पण काळजी सापडायचीच नाही. मला लाज वाटली. मग लाजही राहिली नाही. मी घरी गेलो तर जेवेन, बोलेन, लग्नात उभा राहीन. पण ते नाटक होईल. त्यांच्याशी खोटं होईल."

आई म्हणाली, "मला चालेल नाटक." एवढंच म्हणाली, फार हळू. बाबांनी तिला हात जोडले. संन्यासी गृहस्थाला हात जोडत नाही, तरी स्वामींनी अडवलं नाही.

मला दुःख झालं असं मी लोकांना सांगते. खरं तर मला संताप आला होता. आयुष्यभर मला शिकवलं की मोक्ष म्हणजे पकड सुटणं, पण सुटणाऱ्या पकडीत आपण असतो, हे कुठं सांगितलं होतं? मी त्यांना घरी आणायला खरं बोलले आणि त्या खऱ्यानंच त्यांचा संन्यास पक्का झाला. आता त्यात माझ्यासाठी म्हणून काही उरलं नव्हतं, तो सगळा त्यांचा होता.

लग्न ठरल्या दिवशी झालं. काका-काकूंनी कन्यादान केलं. आईनं हिरवा शालू नेसला आणि सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जोडीनं मठात पाया पडायला गेलो. मी वाकले, म्हणाले, "ॐ नमो नारायणाय." बाबा म्हणाले, "नारायण." मी वाकलेलीच राहिले. वाटलं, एकदा बाळ म्हणतील. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे वळून त्यालाही तेवढ्याच मायेनं, तितक्याच आवाजात नारायण म्हटलं. आमच्या मागं एक म्हातारी उभी होती, तिलाही तसंच.

पुढच्या वर्षी उसाचा हंगाम संपता संपता बाबा गेले. मी अंथुर्ण्याला सासरीच होते, सकाळच्या बसची तयारी करत होते. गुरुजींचा फोन आला. मठानं नदीकाठी समाधी दिली होती, सगळं उरकलं होतं. गुरुजी म्हणाले, "तुम्ही फक्त अंघोळ करा." मी आईला फोन केला. ती म्हणाली, "मला कळलं. मी अंघोळ केली. कुकर लावलाय. तू कामाला जा, सुट्टी कशाला वाया घालवतेस." आवाज अगदी नेहमीचा. मीही डोक्यावरून पाणी घेतलं, केस पुसले, डबा उचलला. बाबांना हवं होतं ते अगदी तसंच्या तसं झालं होतं. कुणी अडवणारं नव्हतं, कुठलं बंधन नव्हतं. रडायचं म्हटलं तर कुठं बसून रडायचं तेही ठरलेलं नव्हतं.

सासूबाई परसदारी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला. मी सांगितलं. त्यांनी हात धुतले. "मंग तू डबा घिऊन कुठं चाललीस?"

"आत्या, आमच्यात सुतक नसतं. ते संन्यासी होते."

"तुमच्यात नसंल," त्या म्हणाल्या. "आमच्यात आसतं. आन तू आता आमच्यात हायेस."

त्यांनी गरम भाकऱ्या फडक्यात बांधल्या, पिठलं हाटलं, डब्यात भरलं. त्यांच्याकडे मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, सोयरे जेवण घेऊन जातात, त्याला कडू घास म्हणतात. नवऱ्याला गाडी काढायला लावली. वाटभर त्या डबा मांडीवर धरून बसल्या.

बारामतीत आईनं दार उघडलं तेव्हा कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तिनं आम्हा तिघांना बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला आलात? आम्हाला काही पाळायचं नसतं." सासूबाई सरळ आत गेल्या, गॅस बंद केला, आणि जमिनीवर फतकल मारून बसल्या. "या ताई. बसा माझ्याजवळ." आई उभीच राहिली. शेवटी बसली. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि आईच्या तोंडापुढं धरला. आई म्हणत होती, "नाही हो, त्यांनी सगळं सोडलं होतं, आमचं काही राहिलं नव्हतं."

"त्यांनी सोडलं आसंल," सासूबाई म्हणाल्या. "तुमी कुठं सोडलंय?"

आईनं तोंड उघडलं. घास आत गेला आणि तिला चावता येईना. भगवी छाटी बघितली त्या दिवसापासून, मठातून परत आलो त्या दिवसापासून, माझ्या लग्नात वाढताना, ती एकदाही रडली नव्हती. आता घास तोंडात तसाच धरून ती सासूबाईंच्या खांद्यावर पडली आणि मोठ्यानं रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. सासूबाईंनी दुसरा तुकडा मोडला आणि माझ्या हातात दिला.